पोटावरच्या खुणा आणि मेडिकलमधली ट्यूब: स्ट्रेच मार्क्सच्या क्रीमचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सुजाता (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय २७, पहिलंच गरोदरपण, पतसंस्थेत नोकरी. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन सगळं ठीक. १९व्या आठवड्यात केलेल्या सोनोग्राफीत बाळात कुठलंही व्यंग दिसलं नव्हतं. माझ्याकडे ती २७व्या आठवड्यात आली, तीही तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्वचारोगाकडे चिठ्ठी दिली म्हणून. चिठ्ठीवर एवढंच होतं: "पोटावरची त्वचा लाल, जळजळ. कृपया पाहावे."

२२व्या आठवड्याच्या आसपास तिला कमरेच्या दोन्ही बाजूंना पहिल्या गुलाबी रेघा दिसल्या. तिच्या आईला बाळंतपणात भरपूर स्ट्रेच मार्क्स आले होते. स्वतः सुजाताच्या मांड्यांवरही शाळेत असताना उंची वाढली तेव्हाच्या पांढऱ्या रेघा होत्या. या दोन गोष्टी पहिल्या भेटीतच विचारून घ्याव्यात. आईला असणं आणि स्वतःला वयात येताना असणं, यावरून खुणा येतील की नाही याचा जो अंदाज येतो, तो कुठल्याही बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा बरा असतो. कमी वय, गरोदरपणात झपाट्याने वाढलेलं वजन आणि मोठं बाळ हीही कारणं आहेत. पण घराण्यातून आलेल्या त्वचेवर कुणाचाच इलाज चालत नाही.

रेघा दिसल्यावर तिने दोन गोष्टी मागवल्या. एक ऑनलाइन मिळणारं सुगंधी तेल. दुसरी मेडिकलमधली क्रीम. ही क्रीम नणंदेने सुचवली होती, तिच्या गालावरचे वांग त्याने गेले होते. "चेहऱ्याचे डाग जातात तर पोटाचे का नाही जाणार?" हा नणंदेचा हिशोब. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता ट्यूब दिली आणि "दिवसातून दोनदा लावा" असं सांगितलं. गरोदर आहात का, हे विचारलं नाही. सहा महिन्यांचं पोट समोर दिसत होतं, हे वेगळं.

नेमकं काय झालं होतं

पाच आठवड्यांत १५ ग्रॅमच्या चार ट्यूब संपल्या होत्या. रेघा कमी होण्याऐवजी रुंद झाल्या होत्या आणि त्यांचा रंग जांभळट लाल झाला होता. पण माझं लक्ष गेलं ते रेघांच्या मधल्या त्वचेकडे. ती चकचकीत, पातळ दिसत होती, चिमटीत धरली तर सिगरेटच्या कागदासारखी बारीक सुरकुतत होती आणि त्यात केसाएवढ्या लाल नसा दिसत होत्या. बेंबीच्या वर तिने क्रीम लावली नव्हती, तिथे यातलं काही नव्हतं. क्रीम लावलेल्या पट्ट्याचा रंग आजूबाजूपेक्षा दोन छटा उजळ होता, त्यामुळे पोटावर जणू सीमारेषाच आखली गेली होती.

पोटाचा घेर वाढल्यामुळे आलेल्या रेघा कुठल्या आणि ट्यूबमुळे वाढलेल्या कुठल्या, हे एकेक करून वेगळं सांगता येत नाही. मात्र नुसत्या गरोदरपणाने त्वचा अशी पातळ होत नाही आणि गरोदरपणात त्वचेचा कल काळवंडण्याकडे असतो, उजळण्याकडे नाही. म्हणून ट्यूब बघायची होती. सुदैवाने ती तिच्या पर्समध्येच होती.

ट्यूबवर बारीक अक्षरात तीन नावं: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन फ्युरोएट ०.१ टक्का. डाव्या कडेला उभी लाल पट्टी आणि "शेड्यूल एच" हा इशारा, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध. आपल्याकडे वांगासाठी सर्रास दिलं जाणारं हे त्रिकुट आहे. वांगावरसुद्धा ते काही आठवडे आणि देखरेखीखाली लावायचं असतं.

या त्रिकुटातलं मोमेटासोन हे तीव्र स्टिरॉइड आहे. तीव्र स्टिरॉइड रोज लावलं की त्वचेच्या खालच्या थरातलं कोलॅजन कमी होतं, त्वचा पातळ होते आणि नवे स्ट्रेच मार्क्स येतात. स्ट्रेच मार्क्स हा त्या औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला दुष्परिणाम आहे. ज्या खुणा घालवायला ती क्रीम लावत होती, त्याच खुणा ती क्रीम तयार करू शकते. त्यात भर म्हणून ती दिवसभर पोटाला आधाराचा पट्टा बांधत होती. क्रीम पट्ट्याखाली झाकली गेली की औषध त्वचेत जास्त मुरतं.

घरच्यांचा प्रश्न वेगळाच होता

मला पोटाच्या त्वचेची काळजी होती, पण तिच्या नवऱ्याने आल्या आल्या फोन पुढे केला. ट्रेटिनॉइन हे नाव टाकून त्याने शोधलं होतं आणि गर्भात व्यंग, गर्भपात असं काहीबाही वाचलं होतं. "मॅडम, बाळ ठेवायचं की नाही ते स्पष्ट सांगा," असं तो म्हणाला. सासूबाई मागे खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या.

इथे "काळजी करू नका" म्हणून भागत नाही. हिशोब मांडून दाखवावा लागतो. चार ट्यूब म्हणजे ६० ग्रॅम क्रीम. त्यात ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन म्हणजे पाच आठवड्यांत मिळून १५ मिलिग्रॅम. यातलं बहुतेक त्वचेवरच राहतं, रक्तात जातो तो त्याचा अगदी लहान भाग. अगदी दहावा हिस्सा शोषला गेला असं वाईटात वाईट धरलं, तरी पाच आठवड्यांचे दीड मिलिग्रॅम होतात. नवऱ्याने ज्याबद्दल वाचलं होतं ती मुरुमांसाठी पोटात घ्यायची आयसोट्रेटिनॉइनची गोळी. ती एका दिवसात २० ते ४० मिलिग्रॅम घेतली जाते, आणि तिच्यामुळे बाळात गंभीर व्यंग येतात हे पक्कं सिद्ध आहे. त्वचेवर लावायच्या ट्रेटिनॉइनबाबत, चुकून पहिल्या तीन महिन्यांत लावलेल्या बायकांवर जे अभ्यास झाले, त्यात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. तरीही गरोदरपणात ते लावू नका असंच सांगितलं जातं, कारण ते अभ्यास लहान आहेत आणि ज्या फायद्यासाठी धोका पत्करायचा तो फायदाच इथे नाही.

शिवाय सुजाताने क्रीम २२व्या आठवड्यानंतर सुरू केली होती. बाळाचे अवयव घडण्याचा काळ पहिल्या तीन महिन्यांचा, आणि १९व्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली होती. स्टिरॉइडचंही गणित मांडलं. तीव्र स्टिरॉइड क्रीम गरोदरपणात एकूण ३०० ग्रॅमच्या वर गेली तर बाळाचं वजन कमी भरण्याशी संबंध दिसतो, आणि आपण ६० वर होतो. हायड्रोक्विनोनबद्दल मला थोडी जास्त अस्वस्थता होती, कारण ते त्वचेतून बरंच शोषलं जातं, साधारण ३५ ते ४५ टक्के. त्यामुळे व्यंग येतात असा पुरावा नाही, पण एवढ्या प्रमाणात शोषलं जाणारं औषध केवळ रंगासाठी कुणी गरोदरपणात वापरू नये. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ३२व्या आठवड्यात बाळाच्या वाढीची एक सोनोग्राफी ठरवली. वेगळी कुठली चाचणी लागत नव्हती.

हे गणित कागदावर लिहून नवऱ्याच्या हातात दिलं. तो कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि बाळाचा प्रश्न त्या दिवसापुरता मिटला.

क्रीम आणि तेलं: पुरावा कुठवर जातो

आता सुजाताचा स्वतःचा प्रश्न. "ही बंद केली तर मग काय लावू?" काही लावायची गरज नाही, हे उत्तर तिला पटणार नव्हतं. म्हणून जे ठाऊक आहे ते सांगितलं.

कोको बटर हे या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं नाव. लेबनॉनमध्ये पहिलटकरणींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७५ बायका होत्या. कुणाला कोको बटरचं लोशन मिळतंय आणि कुणाला साधं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोको बटर लावणाऱ्यांत ४५ टक्क्यांना खुणा आल्या, साधं लोशन लावणाऱ्यांत ४९ टक्क्यांना. एवढा फरक नशिबानेही पडतो. जमैकात ३०० बायकांवर तसाच प्रयोग झाला, तिथेही ठोस फरक सिद्ध झाला नाही. इराणमध्ये ऑलिव्ह तेल लावून पाहिलं, तेही निष्फळ ठरलं.

या लेबनॉनच्या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते सगळा बाजार तिच्यावर उभा आहे. साधं लोशन लावणाऱ्यांपैकी निम्म्या बायकांना खुणा आल्याच नाहीत. म्हणजे उद्या कुणी शंभर जणींना नुसतं पाणी चोळायला दिलं, तरी पन्नास जणी मनापासून सांगतील की त्या पाण्याने गुण आला. ज्यांना खुणा आल्या त्या गप्प बसतात, किंवा "मी उशिरा सुरू केलं" म्हणून स्वतःलाच दोष देतात. तेलाच्या बाटलीखाली जे भरभरून अभिप्राय वाचायला मिळतात ते खोटे असतीलच असं नाही. त्यांत तुलनेला दुसरा गट नसतो, इतकंच.

थोडी आशा दाखवणारे दोन प्रयोग आहेत. एक १९९१ चा, मंडूकपर्णीचा अर्क, ई जीवनसत्त्व आणि काही प्रथिनं असलेल्या क्रीमचा. त्यात क्रीम लावणाऱ्यांत ३४ टक्के आणि साध्या क्रीमवाल्यांत ५६ टक्के असा फरक दिसला. पण एका क्रीममध्ये तीन-चार घटक होते, त्यामुळे गुण कशाचा हे कळत नाही. दुसरा तुर्कस्तानातला, कडू बदामाच्या तेलाचा. तेल १५ मिनिटं चोळून लावणाऱ्यांत २० टक्क्यांना खुणा आल्या, नुसतं तेल लावणाऱ्यांत ३९ आणि काहीच न लावणाऱ्यांत ४१ टक्क्यांना. म्हणजे तेलाने काही केलं नाही, केलं असलंच तर चोळण्याने. तोही प्रयोग लहान होता आणि बायकांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या सहा चाचण्या, मिळून ८०० बायका, एकत्र तपासल्या आणि लावायचं कुठलंही औषध खुणा टाळतं असा भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

असं का, तेही समजण्यासारखं आहे. स्ट्रेच मार्क म्हणजे त्वचेच्या खालच्या थरातली तुटफूट. वरचा थर शाबूत असतो. तेल त्या वरच्या थरातच राहतं. "कोलॅजनयुक्त" म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममधलं कोलॅजन तर इतकं मोठं असतं की ते त्वचेतून आत जाऊच शकत नाही. वरून पुरवून खालचं कोलॅजन भरून निघत नाही.

हे सगळं ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आम्ही तर नुसतं खोबरेल लावायचो." मी म्हटलं, तेच लावा, पण खुणा थांबतील म्हणून नको, खाज कमी व्हावी म्हणून. ताणलेली त्वचा कोरडी पडते आणि खाजते, त्यावर तेल आणि मॉइश्चरायझर खरोखर काम करतात. ही गोष्ट छोटी वाटते, पण रात्रीची झोप मिळणं छोटं नसतं.

ऑनलाइन तेलाचं काय करायचं

सुगंधी तेलाच्या बाटलीवरची घटकांची यादी आम्ही दोघींनी मिळून वाचली. खनिज तेल, लॅव्हेंडर, रोझमेरी, आणि मधेच "रेटिनिल पाल्मिटेट". हे अ जीवनसत्त्वाचंच सौम्य रूप. सौंदर्यप्रसाधनात ते थोडं असतं, त्वचेतून फार शोषलं जात नाही, त्याने कुठल्या बाळाला इजा झाल्याचा पुरावा नाही. मी तिला घाबरवलं नाही. पण बाटली संपवायला सांगितलंही नाही. फायद्याचा पुरावा नसेल तर धोका किती छोटा आहे यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

नावं वाचायची कशी हे तिला शिकवणं मला जास्त उपयोगाचं वाटलं. नावात "रेटिन" हा तुकडा आला, रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, रेटिनिल काहीही, तर गरोदरपणात नको. ॲडापलीन आणि टॅझारोटीन ही त्याच कुळातली, पण त्यांच्या नावात तो तुकडा नसतो, म्हणून ती पाठ करावी लागतात. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइडची नावं. डॉक्टरने नेमून दिलं नसेल तर यांपैकी काही लावू नये. हायड्रोक्विनोन नको. ज्या डबीवर घटक, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक यांतलं काहीच नाही, अशी "गोरं करणारी" क्रीम तर कधीच नको, कारण अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि पारा वारेतून बाळापर्यंत जातो.

घरगुती गोष्टींतही दोन सांभाळायच्या. वेदनाशामक बामात मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते पाठीला क्वचित बोटभर लावणं आणि सगळ्या पोटाला रोज चोळणं यात फरक आहे. आणि कापूर. खाजेला खोबरेलात कापूर घालून लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कापूर त्वचेतून शोषला जातो आणि वार ओलांडतो, म्हणून मोठ्या भागावर तो नको. कडू बदामाचं तेल घरी आणून तुर्कस्तानचा प्रयोग करू नये हेही सांगितलं, कारण कडू बदामात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. आपल्याकडचं नेहमीचं बदाम तेल गोड बदामाचं असतं, ते चालतं.

ट्यूब कशी बंद करायची

इथे तीन रस्ते होते. पहिला, तीनही औषधं त्याच दिवशी बंद. दुसरा, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन लगेच बंद करून स्टिरॉइड मात्र सौम्य करत उतरवायचं. तिसरा नणंदेचा, फोनवरून सुचवलेला: "आत्ता सोडू नका, सोडलं की डाग दुप्पट येतात, बाळंत होईपर्यंत चालू ठेवा." नणंदेचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. स्टिरॉइडची सवय झालेली त्वचा ते सोडल्यावर लाल होते, आग होते, आणि पुन्हा लावलं की शांत होते. त्यातूनच माणूस दोन-दोन वर्षं ट्यूब लावत राहतो. (नणंदेला मी वेगळं बोलावून घेतलं, ती दुसरी केस.)

तिसरा रस्ता बाद. पहिल्या दोनांत मी दुसरा निवडला. ६० ग्रॅम पाच आठवड्यांत, एवढ्याने शरीरातलं स्वतःचं स्टिरॉइड बनणं बंद पडण्याची शक्यता फार कमी होती. त्या कारणासाठी उतरवण्याची गरज नव्हती. पण तिची त्वचा आधीच पेटलेली होती. एकदम सोडून पोटाची आग झाली असती, तर ती चार दिवसांत मेडिकलमध्ये जाऊन पाचवी ट्यूब घेऊन आली असती. म्हणून एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, सौम्य स्टिरॉइड, रोज रात्री एकदा, सात दिवस, मग एक दिवसाआड सात दिवस, मग बंद. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि तेवढी दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. तिला रोज चार रेघा लागणार होत्या. म्हणजे दोन आठवड्यांत २० ते २५ ग्रॅम, तेही सौम्य प्रकाराचं.

त्याशिवाय दिवसातून दोनदा, आंघोळीनंतर अंग ओलसर असताना, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधं खोबरेल. पोटाचा पट्टा त्वचेवर थेट बांधायचा नाही, आत सुती बनियन. डाळीचं पीठ आणि हळदीचं उटणं घरात चालू होतं, ते पोटापुरतं बंद, कारण पिठाने त्वचा आणखी कोरडी होते. वजनाबद्दल मी फार बोलले नाही. तिची वाढ योग्य चालली होती आणि खुणा नकोत म्हणून कमी खाणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला, आग होतेय म्हणून. ते आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे ती घाबरली नव्हती. ओल्या थंड कापडाची घडी दहा मिनिटं ठेवायला सांगितली. दोन आठवड्यांनी दाखवायला आली तेव्हा लाली निम्म्यावर आली होती. खुणा होत्या तशाच होत्या.

३४व्या आठवड्यातली खाज

स्ट्रेच मार्क्सच्या प्रकरणात खरा धोका कधीकधी स्ट्रेच मार्क्सचा नसतोच. ३४व्या आठवड्यात सुजाताला रात्रभर पोट खाजायला लागलं. घरी अर्थ लावला गेला की ट्यूब बंद केल्याचा हा परिणाम आहे, पोट ताणलंय, तेल वाढवा. तिसऱ्या रात्री सासूबाईंनी खोबरेल गरम करून कापराची डबी काढली, तेव्हा सुजाताने त्यांचा हात धरला: "आई, कापूर नको, मॅडम नको म्हणाल्यात." आणि सकाळी मला फोन केला.

फोनवर मी एकच गोष्ट दोनदा विचारली: तळहात आणि तळपाय खाजतात का? ती म्हणाली, थोडे खाजतात, पण झोप नाही म्हणून असेल. मी त्याच दिवशी बोलावलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अंगावर काहीही न उठता तळहात-तळपाय खाजणं, त्यातही रात्री, हे यकृतातला पित्ताचा प्रवाह अडल्याचं लक्षण असू शकतं. त्यात आईला त्रास खाजेचाच असतो, पण पित्ताम्लं फार वाढली, लिटरला १०० मायक्रोमोलच्या वर गेली, तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. तेल लावत दोन आठवडे घालवण्यासारखा हा आजार नाही.

तपासलं तर पोटावर लाल, उंचावलेल्या गांधी होत्या, आणि त्या स्ट्रेच मार्क्सच्या रेघांमध्येच उठल्या होत्या. बेंबीभोवतीचं गोल मात्र स्वच्छ. पहिलटकरणीला शेवटच्या तिमाहीत होणारं हे पुरळ त्वचारोगवाल्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. त्रास भरपूर देतं, बाळाला काही करत नाही आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातं. चित्र स्पष्ट होतं. तरीही तळव्यांचा उल्लेख आला होता म्हणून यकृताची आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी केली. पित्ताम्लं ७ आली, यकृत ठीक. आठवड्याने पुन्हा केली, तीही ठीक. दुसरी तपासणी खर्चिक वाटली तरी मी ती करायला लावली, कारण खाज कधी कधी आधी येते आणि रक्तातला बदल मागाहून दिसतो.

आता उपचाराची पंचाईत. या पुरळाचा नेमका उपाय म्हणजे थोडे दिवस स्टिरॉइड क्रीम, आणि या घरात तो शब्द विषासारखा झाला होता. नवरा म्हणाला, "तुम्हीच बंद केलीत आणि आता तुम्हीच देताय?" प्रश्न रास्त होता. मी त्याला त्याच्याच खिशातला कागद काढायला लावला आणि खाली नवा आकडा लिहिला: मध्यम ताकदीचं स्टिरॉइड, फक्त गांधींवर, सात दिवस, एकूण १५ ग्रॅम. आधी वापरलेलं धरूनही आपण ३०० च्या जवळपास नव्हतो. सोबत रात्री ॲलर्जीची सेटिरिझिनची गोळी, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संमतीने. चौथ्या रात्री ती झोपली.

निष्पत्ती

३२व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाची वाढ योग्य होती. ३९व्या आठवड्यात नैसर्गिक बाळंतपण झालं, मुलगी, वजन २.८ किलो. पुरळ पंधरा दिवसांत गेलं. त्वचेचा पातळपणा तीन महिन्यांनी बराच भरून आला, उजळ पट्टा आजूबाजूच्या रंगात मिसळला, नसा मात्र दोन-तीन ठिकाणी दिसत राहिल्या. खुणा जांभळ्याच्या फिक्या झाल्या, गेल्या नाहीत. जाणारही नव्हत्या.

पाचव्या महिन्यात ती परत आली आणि विचारलं, आता तरी काही करता येईल का? ताज्या, लाल खुणांवर ०.१ टक्का ट्रेटिनॉइनचा प्रयोग झालेला आहे. २४ आठवडे लावून खुणांची लांबी सुमारे १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली. म्हणजे दहा सेंटिमीटरची रेघ साडेआठची होते. हे ऐकून ती हसली. शिवाय बाळ दिवसभर तिच्या पोटावर लोळत होतं, ते औषध बाळाच्या अंगाला लागलं असतं. अंगावरचं दूध बंद होईपर्यंत ते नको असं ठरलं. लेझर आणि सुयांची उपचारपद्धती आहेत, त्यांनी पोत आणि रंग थोडा सुधारतो, पण आपल्या सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे डाग पडण्याची भीती असते आणि पाच-सहा बैठकांचा खर्च होतो. तिने विचार करते म्हटलं, आणि नंतर त्यासाठी आली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुजाताची २२ ते २७ या आठवड्यांत दोनदा तपासणी झाली होती. फाइलमध्ये लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, धनुर्वाताचं इंजेक्शन सगळं लिहिलेलं होतं. पोटाला काय लावता, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि क्रीम म्हणजे औषध असं तिला वाटत नसल्यामुळे तिने आपणहून सांगितलं नव्हतं. "काही औषधं चालू आहेत का" याचं तिचं उत्तर "नाही" होतं आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खरं होतं. प्रश्न असा हवा: चेहऱ्याला, पोटाला, केसांना काय लावता, ट्यूब आणि बाटल्या पुढच्या वेळी घेऊन या. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आता तो पाचव्या महिन्याच्या भेटीत विचारायला सुरुवात केली आहे, कारण खुणा आणि त्यासाठीची खरेदी दोन्ही साधारण तिथूनच सुरू होतात.

तळहात-तळपायाची गोष्ट मी तिला २७व्या आठवड्यातच सांगितली असती, तर तीन रात्री वाचल्या असत्या. यापुढे गरोदर बाईला पोटासाठी मॉइश्चरायझर लिहून देताना मी त्याच चिठ्ठीवर खाली एक ओळ लिहिते: तळवे खाजले तर तेल लावत बसू नका, त्याच दिवशी या.

मेडिकलवाल्याचा विषय अर्धवटच राहिला. चिठ्ठीशिवाय शेड्यूल एच औषध विकल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते आणि चार ट्यूबपैकी दोनांची बिलंही घरात होती. पण दुकान त्यांच्याच गल्लीतलं, उधारी तिथलीच, बाळाच्या तापाचं औषध रात्री अकराला तोच देणार. घरच्यांनी तक्रार केली नाही. मी त्यांना आग्रह केला नाही.